बदलीवाल्याची झोप

काजलने नवऱ्याचं मनगट हलकेच धरलं आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर सेकंद मोजायला सुरुवात केली. सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीला जुनं गोधडं टांगलं होतं, तरी वरचे पत्रे तापून खोलीत उकाडा कोंडला होता. हर्षल घोरत होता. तीस सेकंदांत चाळीस ठोके झाले. तिने पुन्हा मोजले. एकेचाळीस.

म्हणजे मेव्हण्याने दिलेला, मनगटावर बांधायचा नाडी मोजणारा पट्टा खोटं बोलत नव्हता.

"झोपेत ऐंशी?" उठल्यावर हर्षल म्हणाला. "जागेपणी खुर्चीवर बसलो तं बहात्तर दाखवते. झोपलो की वाढते काऊन?"

"मले काय माहीत? पण तुम्ही झोपल्यासारखे वाटतच नाही. पळून राह्यल्यासारखे वाटता."

हर्षल खामगावच्या एमआयडीसीत, सोयाबीन तेलाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. वय चौतीस. बॉयलरला चार माणसं होती. तिघांच्या पाळ्या ठरलेल्या, आठवड्याला एक सुट्टी. चौथा बदलीवाला. ज्याची सुट्टी त्याच्या जागी तो, जो गैरहजर त्याच्या जागी तो, आणि उरलेल्या दिवशी कोळशाच्या यार्डात. दीड वर्षापासून हर्षल बदलीवाला होता. दांड्या बहुतेक रात्रीच्याच पडायच्या, म्हणून आठवड्यात दोन-तीन रात्री तरी त्याच्या वाट्याला यायच्या, पण कोणत्या ते आदल्या दिवशी कळायचं. सोमवारी रात्र, मंगळवारी दुपारनंतर यार्ड, गुरुवारी पहाटे सहाची पाळी, शुक्रवारी पुन्हा रात्र. आधी तो कायम सकाळपाळीत होता तेव्हाचे आकडे पट्ट्याच्या ॲपमध्ये होते. झोपेत एकोणसाठ, साठ.

त्याचा बाप छातीत कळ येऊन एक्कावन्नाव्या वर्षी गेला होता. दुसऱ्याच दिवशी काजल त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर संजीवनी मॅडमनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक. मग औषध न देता त्यांनी विचारलं, "झोपता कधी?"

हर्षलला हसू आलं. "जेव्हा सापडंल तेव्हा."

मॅडमनी तीन आठवड्यांची वही ठेवायला सांगितली. झोपायची वेळ, उठायची वेळ, झोपेतली नाडी, चहा, जेवण, तंबाखू. वही घेऊन दोघं परत गेले तेव्हा मॅडमनी ती दहा मिनिटं वाचली.

"हे बघा. मध्ये पाच दिवस तुम्हाला सलग सकाळपाळी मिळाली. नाडी हळूहळू अडुसष्टवर आली. पुढच्या आठवड्यात चार दिवसांत तीन वेळा झोपायची वेळ बदलली, परत ऐंशी. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं. रात्री ते नाडी उतरवतं, दिवसा चढवतं, तुम्ही झोपा की जागे राहा. दिवसा झोपलात की डोळे मिटलेले, पण आतून दिवसच चालू. त्यात तुमची झोप रोज वेगळ्या वेळेला. घड्याळाने जुळवून घ्यायचं कशाशी?"

"म्हणजे हार्टचं नाही?"

"आज नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं तर हृदयावर ताण पडतोच. आणि पाळी संपवून घरी येता, भरपेट जेवता, वर चहा आणि तंबाखू, मग पत्र्याखाली झोपता. त्यानेही वाढते. ते बंद करा. खोलीत अंधार करा. पण त्याच्या आधीचा धोका सांगते. अशी माणसं सकाळी गाडीवर झोपतात. दोन सेकंद. त्यांना कळतसुद्धा नाही."

हर्षलची खोली कारखान्यापासून दोन किलोमीटरवर होती. तो त्या बोलण्यावर फार थांबला नाही.

मॅडमनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आडव्या-उभ्या रेघा ओढल्या. "तुमच्यासारखे चौघं आहेत ना? दोन दिवस सकाळ, दोन दिवस दुपार, दोन रात्री, मग दोन दिवस सुट्टी. पाळी पुढेच सरकते, मागे उडी नाही. आठ दिवसांत चौघं बरोबर बसतात, बदलीवाला लागतच नाही. निदान दोन पाळ्यांमध्ये अकरा तास तरी मिळाले पाहिजेत. दाखवा तुमच्या साहेबांना."

साहेब म्हणजे गुलाबराव. पाळीचा तक्ता त्यांच्या हातात होता. त्यांनी चिठ्ठी चष्म्यापुढे धरून पाहिली आणि परत दिली.

"अन् यार्डात कोण काम करंल? बदलीवाला मले तीन दिवस यार्डात लागते. हे चौघाचं केलं तं मालक एक माणूस जास्त मागतला म्हणून माह्याच अंगावर येईल. चौघाच्या सह्या, मीटिंग, कटकट." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुले एकट्याले त्रास होऊन राह्यला ना? तुले कायम सकाळ देतो. सोमवारपासून. तो कागद खिशात ठेव."

"मंग बदली कोण?"

"ते तुह्यं काम नाही."

हर्षलने कागद खिशात ठेवला. त्याला माहीत होतं. कायम सकाळपाळीत उकंडराव होता.

उकंडराव सत्तावन्न वर्षांचा. पिंपळगाव राजाहून मोटरसायकलने यायचा. हर्षलला बॉयलर त्यानेच शिकवला होता. पाण्याची पातळी दाखवणारी काच आधी पाहायची, आगीकडे नंतर, हे पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यात बसवलं होतं. कंत्राटावरचा माणूस, त्यात निवृत्तीला एक वर्ष. तो नाही म्हणणार नव्हता, आणि म्हणालाही नाही.

"तुह्ये लेकरंबाळं व्हायचे अजून," तो हर्षलला म्हणाला. "मी काढतो वर्षभर."

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. हर्षलने तंबाखू सोडली. रात्री दहाला झोपायचा, साडेचारला उठायचा. नाडी सत्तर, सहासष्ट, बासष्ट. काजल म्हणाली, तुमचं तोंड उजळलं. त्याला भूक लागायला लागली. रविवारी दोघं बाजारात जायला लागले.

उकंडराव पाळी द्यायला-घ्यायला यायचा तेव्हा डोळे लाल असायचे. एकदा त्याने नोंदवहीत दाबाचा आकडा पाण्याच्या रकान्यात लिहिला. हर्षलने खोडून नीट केला, कोणाला सांगितलं नाही. नवरात्राच्या सुमाराला एका सकाळी उकंडराव बाकावर बसला आणि म्हणाला, "काय बे, झोपलो तरी छाती धडधडते माही. मनकर्णाच्या हाताले लागते म्हणे. तुले असंच होत होतं ना? तुले डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं होतं?"

हर्षल पाण्याच्या काचेकडे पाहत होता. कागद त्याच्या पाकिटात होता. खरं सांगितलं, उकंडराव मॅडमकडे गेला, मॅडमनी त्यालाही असाच कागद दिला, काका गुलाबरावांकडे गेला, तर पुढे काय होणार ते त्याला लख्ख दिसलं. बदली परत त्याच्याच वाट्याला. सोमवारी रात्र, गुरुवारी पहाट.

"काही नाही काका," तो म्हणाला. "अशक्तपणा म्हणे. गूळ-शेंगदाणे खा म्हणे."

"एवढंच?"

"हाव. एवढंच."

"बरं झालं. मी तं घाबरलो होतो लेका." उकंडराव उठला, डबा उचलला आणि गेला.

दिवाळीच्या आधी नऊ दिवस, उकंडराव हर्षलच्या सुट्टीच्या जागी दुपारी दोनपर्यंत पाळी करून घरी गेला आणि त्याच रात्री दहाला रात्रपाळीवाल्याच्या दांडीवर परत आला. सकाळी सहाला हर्षलने त्याच्याकडून पाळी घेतली. "जातो बापा," एवढंच तो बोलला. पावणेसातला पिंपळगावच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर मागून आदळली. रस्ता सरळ होता. ऊन पडलं होतं. ट्रॉलीवर कापसाच्या गठड्या होत्या आणि त्या लांबून दिसत होत्या. ब्रेक दाबल्याची खूण डांबरावर नव्हती.

तेराव्याला हर्षल आणि काजल गेले. उकंडरावाच्या पत्नी मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हर्षलला पाहिल्यावर त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

"तुह्यं लय नाव घेत होते," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होती, डॉक्टरकडे चला, चला. झोपेत छाती अशी उडे त्याईची. तं म्हणाले, हर्षल जाऊन आला, त्याले माह्यासारखंच होतं, डॉक्टरीण म्हणे गूळ-शेंगदाणे खा. मंग मी रोज देत होती. त्या दिवशीबी डब्यात देल्ले होते. डबा घरी आला तं तसेच होते."

काजलने नवऱ्याकडे पाहिलं. तिने स्वतः ते बोलणं दवाखान्यात ऐकलं होतं, घड्याळाचं, गाडीचं, सगळं. 

"खाल्ले नाही त्याईनं त्या दिवशी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "खाल्ले असते तं ताकद राह्यली असती."

हर्षल "हाव काकू" म्हणाला. 

 घरी खोलीत शिरल्यावर काजलने विचारलं, "कागद कुठं हाये?"

त्याने पाकिटातून काढून दिला. तिने उलगडला, पाहिला आणि त्याच्या हातात परत ठेवला.

"आता तरी दाखवा कोणाले."

दुसऱ्या दिवशी त्याने तो अविनाशला आणि रात्रपाळीच्या माणसाला दाखवला. अविनाश दुपारपाळीवर होता, उकंडरावाच्या भावकीतला. त्याने रकाने वाचले, बोटांवर मोजले, मान हलवली. बरोबर बसत होतं. मग त्याने कागद उलटला. पुढच्या बाजूला हर्षलचं नाव होतं, वय होतं आणि तारीख होती. अकरा ऑगस्ट.

"हा कागद तुह्याजवळ तीन महिन्यांपासून हाये?"

"हाव."

"काकाले माहीत होतं?"

"नाही."

"त्यानं तुले विचारलं होतं. माह्यासमोर म्हणाला होता, हर्षलले विचारतो म्हणून." अविनाशने कागदाची नीट घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवली. त्याने शिवी दिली नाही. हात उचलला नाही. "जा. पाळी झाली तुही."

पोलिसांनी हजेरीचं रजिस्टर मागितलं होतं, त्यामुळे मालक घाबरलेला होता. अविनाशने मागितल्याबरोबर नवा तक्ता लागला. उकंडरावाच्या जागी मलकापूरहून माणूस आला, यार्डात रोजंदारीवरचा एक. गुलाबरावांचं काहीच अडलं नाही. दोन सकाळ, दोन दुपार, दोन रात्री, दोन दिवस सुट्टी. सगळ्यांना आठातल्या सहा रात्री घरी झोपता येऊ लागलं. गुलाबराव मालकाला सांगत होते की ही पद्धत त्यांनीच शोधून काढली.

मनकर्णाबाईंना कोणीतरी सांगितलं. कोणी, ते कळलं नाही. संक्रांतीला काजल तिळगूळ घेऊन गेली तर त्यांनी दार उघडलं, ताट पाहिलं आणि दार लावून घेतलं.

कारखान्यात आता पाळी बदलताना अविनाश नोंदवही टेबलावर ठेवतो. दाब, पाणी, कोळसा, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणजे तोंडी काही सांगायला लागू नये. तो दाराबाहेर जाऊन उभा राहतो आणि हर्षल आत गेल्यावर निघतो. मलकापूरच्या माणसालाही आता कळलं आहे. तो तसंच करतो.