चौथी शिकलेली गोदा

सुनेनं आपल्या तोंडचे शब्द उचलावेत आणि वर त्या शब्दांनाच साबण लावून धुवावं, हे आवडाबाईंना मुळीच पटलं नव्हतं.

सून राजनंदिनी हिच्या कादंबरीत चौथी शिकलेली गोदा स्वतःची कहाणी सांगते. तिची बोली सरळ आवडाबाईंची. पण उस्मानपुऱ्यातल्या प्रकाशनाच्या संपादक गुलशन मॅडमनी हस्तलिखित परत पाठवलं होतं. "निम्म्यापर्यंत गोदा 'लई जीव जळतो' म्हणते, पुढं तीच 'अस्तित्वाची पोकळी' म्हणायला लागते. मधे ती काही शाळेत गेलेली नाही. एकच आवाज ठेवा, तरच छापू."

म्हणून राजनंदिनी सकाळपासून गोदाचं आधीचं बोलणं शुद्ध करत बसली होती.

"वाच बरं, कुठं बदलती ती," आवडाबाई म्हणाल्या.

सुनेनं वाचलं. गोदा सासूशी भांडली, नवऱ्याला शिव्या घातल्या, बाजारात मिरच्या विकल्या, सगळं ठसक्यात. मग तिची लेक गेली, आणि त्याच पानापासून ती प्राध्यापिकेसारखी बोलायला लागली.

"दुःख मोठं होतं, आई. साधे शब्द पुरेनात," राजनंदिनी पुटपुटली.

आवडाबाईंचीही एक लेक गेली होती. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तिची फणी कुणी हलवू नका."

त्यांनी सुनेच्या हातातली लेखणी काढून घेतली.

"भांडायला माझी जबान चालली, अन् रडायला तुझी आणलीस व्हय? पहिलं हाय तसंच ठेव. लेक गेल्यानंतरचं सगळं फाड, अन् तिला तिच्याच तोंडानं रडू दे."