लाल शाईतलं बयाण

यादोराव मास्तरांच्या लाल पेनाला अख्ख्या शाळेतली पोरं टरकून असायची. इंग्रजी शिकवता शिकवता केस पिकले, पण चूक दिसली की हात शिवशिवायचाच. जित्याची खोड, दुसरं काय!

मँगनीजच्या खाणीत छत कोसळून तिथला मजूर सुखराम गेला. कंपनी म्हणायची, मनाई असताना तो आपणहून आत शिरला. म्हणजे मेला तो मेला, वर दोषही त्याच्याच माथी, आणि त्याच्या बायकोला, रुखमाला, भरपाई नाही. चौकशीला येणाऱ्या साहेबाला मराठी येत नव्हती. म्हणून युनियनच्या भैय्यालालनं रुखमाचं बयाण इंग्रजीत उतरवलं, तिला समजावून खाली अंगठा घेतला आणि एकदा नजर टाका म्हणून कागद मास्तरांकडे आणला.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. रुखमा म्हणाली होती, 'माह्या नवऱ्यानं साहेबाले छत दरकून राहिलं म्हणून सांगतलं होतं.' भैय्यालालनं शब्दाखाली शब्द मांडले होते: 'माय हजबंड साहेब टू रूफ क्रॅकिंग इज दॅट टोल्ड हॅड.' क्रियापद मराठीसारखं पार शेपटाला! मास्तरांनी त्याच कागदावर लाल पेनानं बाण काढून ते 'हजबंड'पुढे ओढलं. खाणीवरचा साहेब ठरलेला, छतही ठरलेलं, म्हणून दोघांआधी 'द' घातला. 'माय हजबंड हॅड टोल्ड द साहेब दॅट द रूफ वॉज क्रॅकिंग.' वाक्य झ्याक झालं, आणि मास्तरांनी सवयीनं बाजूला बरोबरची खूणही केली. नव्या कागदावर उतरवावं, तिला पुन्हा वाचून दाखवावं, पुन्हा अंगठा घ्यावा, हे त्या शहाण्या डोक्यात आलंच नाही. एसटीच्या घाईत भैय्यालालच्याही आलं नाही.

चौकशीत कंपनीच्या वकिलानं तोच कागद वर धरला. अंगठ्यानंतर यात कोणी हात घातला, म्हणाला. साहेबानं दुभाष्याकडून रुखमाला विचारलं, हे तुझंच बयाण का? खोटं बोलणं त्या बाईच्या रक्तात नव्हतं. तिनं कागद नीट पाहिला.

"अंगठा माहा हाय. हे लाल माहं नाही."

साक्षीदार बयाण नाकारते, असं साहेबानं लिहून घेतलं. मास्तर उठून सांगू लागले की फक्त शब्द जागेवर लावले, अर्थ तोच आहे. त्यांना खाली बसवलं. भैय्यालालनं नवं बयाण घ्या म्हणून हात जोडले, तर साहेब म्हणाला, पढवून आणलेली साक्ष चालत नाही. निकाल लागला: दोष सुखरामचा.

बाहेर रुखमा पायरीवर बसली होती. मास्तरांना तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, तरी उभे राहिले.

"गुरुजी, पोरीच्या वहीत तुमी लाल करता, ते चुकलेलं असते ना?"

"हो."

"मंग माहं काय चुकलं होतं?"

"काहीच नाही, रुखमा."

"मंग लाल काहून केलं?"