शुक्रवारी सहापर्यंत

आम्रपालीला ऑफरचा ईमेल पाठवला चैतालीनेच. कोथरूडच्या त्या कंपनीत उमेदवारांशी सगळा पत्रव्यवहार तीच करायची. पद अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, पगार वर्षाला चार लाख ऐंशी हजार, रुजू व्हायचं एक तारखेला. सोबत मागितलेले कागद: पदवी, पगाराच्या स्लिपा, आधार, पॅन आणि जुन्या ऑफिसने राजीनामा मंजूर केल्याची प्रत. होकार शुक्रवारी सहापर्यंत. शेवटी नेहमीची ओळ: कागदपत्रांच्या पडताळणीनंतरच नियुक्ती पक्की.

मुळात चैतालीच्या साहेबांना, पुष्करसरांना, दुसराच उमेदवार हवा होता. तो पगारावरून ताणून धरत होता, म्हणून त्यांनी आम्रपालीलाही ऑफर पाठवायला लावली होती.

आम्रपालीने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि मंजुरीच्या प्रतीसकट सगळे कागद पाठवले. शुक्रवारी दुपारी त्या दुसऱ्याने होकार कळवला.

"हिला कटव," पुष्करसर म्हणाले.

"सर, तिने राजीनामा दिलाय."

"आपण सांगितलं होतं द्यायला?"

सांगितलं होतं, ईमेलमध्येच. पण चैतालीचं स्वतःचं प्रमोशन याच महिन्यात ठरायचं होतं.

"कागदात काहीतरी काढ," ते म्हणाले.

चैतालीने फोन लावला. खरं सांगायला जीभ रेटेना. "तुमचं पदवी प्रमाणपत्र प्रोव्हिजनल आहे, म्हणजे तात्पुरतं. मूळ लागेल."

"मूळ यवतमाळला आहे, ताई. सोमवारी आणते," आम्रपाली घाईघाईने म्हणाली. चैतालीने 'बरं' म्हणून फोन ठेवला. इतक्या लांबून कोण आणतंय, असं तिला वाटलं.

सोमवारी रिसेप्शनवर आम्रपाली उभी होती. शेजारी तिचे वडील, रतनकाका. रात्रभर बसमध्ये बसून आलेले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं प्रमाणपत्र छातीशी धरून.

"घ्या जी, असलीच आहे," ते म्हणाले.

चैतालीने ते हातातही घेतलं नाही. "पद भरलंय."

"मग शुक्रवारी कागद का मागितलात?" आम्रपालीचा आवाज चिरकला. "माझ्या जागेवर जुन्या ऑफिसात दुसरी मुलगी घेतलीये."

"पडताळणीनंतरच नियुक्ती पक्की, असं ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. वाचलं नव्हतंत का?"

"सायबाले भेटू द्या न, बाई. पोरीनं त नोकरी सोडली ना," रतनकाकांनी हात जोडले.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

काचेपलीकडे पुष्करसर चहा पीत होते. रतनकाकांना ते दिसत होते.

"चला, बाबा," आम्रपाली म्हणाली. म्हातारा जागचा हलेना, तेव्हा चैतालीने वॉचमनला खूण केली. त्याने काकांचा दंड धरला.

चैताली जागेवर येऊन बसली. ऑफर मागे घेतल्याचा ईमेल तिने एका झटक्यात लिहिला. पुढील वाटचालीस शुभेच्छाही दिल्या.

"गेले?" पुष्करसरांनी दारातून विचारलं.

"हो, सर."

"छान हाताळलंस," ते म्हणाले, आणि तिला ते ऐकून बरं वाटलं.