अवसेला द्यायचा शब्द

रंभाबाई शब्द उधार देत नसे. १९६४ साली तिचा नातू पुंडलिक नाशकाहून समुद्रकाठच्या मुरबे गावी तिच्याकडे राहायला आला. तारापूरला वीजघर व्हायचं होतं आणि किनारा मोजणाऱ्या गोऱ्या साहेबाचा दुभाषी म्हणून त्याला नोकरी लागली होती. कोळिणीचा नातू, पण समुद्राचा एक शब्द येत नव्हता. मग रोज दिवेलागणीला ओट्यावर सौदा सुरू झाला: त्याचा एक इंग्रजी, तिचा एक मराठी.

नियम तिचेच. वस्तू दाखवल्याशिवाय शब्द नाही, आणि कालचा वापरून दाखवल्याशिवाय आजचा नाही. 'रॉक' त्यानं दगडावर बसून दिला, 'अंडर' टोपलीखाली कोंबडी कोंडून. 'नून' काही संध्याकाळी दाखवता येईना. तो तिनं रविवारी, सावली पायाशी आल्यावरच पदरात घेतला.

अष्टमीला तिनं त्याला किनाऱ्यावर नेलं. "हा भांग. पाणी आळशी हाय बघ. लांब जात नाय, वर चढत नाय. त्या समोरच्या खडकाचा माथा कोरडाच."

"आणि जोरात चढतं त्याला?"

"तो शब्द अवसेला. दाखवीन तवाच देईन."

"आजी, आगाऊ दे की!"

"नाय."

अमावास्येच्या सकाळी ती बोंबील वाळत घालत होती. शेजारची शालू म्हणाली, "मावशी, पुंडलिक साहेबाला घेऊन खडकावर गेलाय. बारापर्यंत बसायचंय म्हणतो. माथा भिजत नाय, आजीनं दाखवलंय म्हणे."

रंभाबाईच्या हातातले बोंबील वाळूत पडले. रिकामी टोपली घेऊन ती धावत सुटली.

खडक आणि किनारा यांच्यामधल्या खोलगट पट्ट्यात पाणी शिरलं होतं. दोघं पाठमोरे, मोजणीच्या यंत्राच्या दुर्बिणीत गुंतलेले.

"पुंडलिका, माघारी ये!"

पुंडलिकानं वळून पाहिलं. साहेबासमोर आजी ओरडतेय, म्हणून ओशाळला. "भांग आहे, आजी! माहीत आहे मला!"

त्याच्याशी वाद घालण्यात वेळ जाणार होता. ती पाण्यात शिरली आणि थेट साहेबाला हाक मारली.

"साहेब! नून! रॉक अंडर!"

साहेब वळला. तिनं एका दगडावर टोपली उपडी घातली, दोन्ही हातांनी दाबली. "रॉक! अंडर! नून!"

साहेबानं घड्याळ पाहिलं, मग मागचा पट्टा. यंत्र तिथंच टाकून त्यानं पुंडलिकाची कॉलर धरली. पट्टा ओलांडताना पाणी छातीला लागलं. पुंडलिकाचा पाय दोनदा सुटला. बारा वाजता खडक दिसत नव्हता, यंत्रही नाही.

संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसला. नोकरी राहिली होती. साहेबानं फक्त आजीचं नाव विचारून घेतलं होतं.

"उधाण," रंभाबाई म्हणाली. "सकाळी दाखवलाय."

"माझा आजचा शब्द..."

"ठेव तुझ्याकडंच." आणि तिनं वाऱ्याचे, गाळाचे, वळणाऱ्या पाण्याचे शब्द एकामागून एक सांगायला घेतले.

"न दाखवता, आजी?"

"दाखवायची हौस फिटली माझी. तू म्हण."