तीन नंबरची पेंड

रामहरीच्या तांबड्या शाईचा कारखान्यात दरारा होता. इंदापूर तालुक्यातल्या त्या साखर कारखान्यात मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांकडून येणारं प्रत्येक बिल आधी त्याच्या टेबलावर यायचं. मागणीपत्राशी नि माल पोचल्याच्या चिठ्ठीशी ते ताडून बघायचं, मग शिक्का मारून त्यातल्या दोन घरांत तांबड्या शाईनं दोन आकडे घालायचे. पहिला आकडा खात्याचा: खर्च कशाचा, खताचा की तेलाचा की यंत्राच्या सुट्या भागांचा. दुसरा आकडा विभागाचा: तो खर्च कोणाच्या नावावर, गाळपाच्या, बॉयलरच्या की उसाच्या चार सेक्शनांपैकी एखाद्याच्या. बस्स, एवढंच काम. पण हे दोन आकडे चुकले, तर पुढची सगळी वही सुंदर अक्षरात खोटं बोलते. रामहरी हे नव्या कारकुनांना इतक्या वेळा ऐकवायचा, की ते पाठीमागे त्याची नक्कल करत.

काटेवाडीच्या माळ्याचा हा पोरगा चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता. निदान त्याचं तसं म्हणणं होतं, आणि हिशेबखात्याचे प्रमुख बापूसाहेब यांचंही. सोमवारी त्याला मुख्य बिल-कारकून नेमल्याचा कागद निघणार होता. गडी त्या आठवड्यात जरा ताठच चालत होता, म्हणजे नेहमीपेक्षा.

त्याच सोमवारी आणखी एका कागदावर मोठ्या साहेबांची सही व्हायची होती. तीन नंबरचं सेक्शन बंद करायचं, खंडानं घेतलेली जमीन मूळ मालकांना परत द्यायची आणि तिथल्या साठ माणसांना घरी पाठवायचं. सेक्शनवार खर्चाचा तक्ता स्पष्ट होता. बाकीच्या तिन्ही सेक्शनांत टनभर ऊस अकरा रुपयांना पडत होता आणि तीन नंबरात सोळा रुपयांना. तक्ता रामहरीच्याच आकड्यांवर उभा होता, त्यामुळे त्यात खोट असेल अशी शंका कोणाला आली नाही. त्याला स्वतःला तर नाहीच नाही.

शनिवारी मजुरीवाटप होतं. शेजारच्या खिडकीशी तीन नंबरच्या बायकांची मुकादमीण प्रयागबाई उभी होती आणि मजुरी-कारकून मोठ्यानं वाचत होता, "तीन नंबर, पेंडीची पोती, भरणावळ."

रामहरीची लेखणी थांबली. भुईमुगाची पेंड म्हणजे उसाचं खत. बारामती स्टेशनावर वॅगन लागायची आणि तिथून बैलगाड्यांनी पेंड तीन नंबरला उतरायची. उतरणावळ समजण्यासारखी होती. पण पोती परत गाडीत भरायची कशाला?

"प्रयागआक्का," तो खिडकीकडं आला, "पेंड तुमच्याकडंच वापरता नव्हं?"

"आमी एकट्यानं?" ती हसली. "समदी पेंड आमच्या उसाला घातली तर ऊस आभाळाला लागंल की! गेल्या सालापास्नं चारी नंबरांची पेंड आमच्याकडं उतरतीया. दगडी गोदाम आमचंच हाय. बाकीच्यांच्या छपरांत पाणी गळतं. आमी उतरून घ्येतो, मंग ज्याची त्याला भरून धाडतो."

रामहरीला त्या चिठ्ठ्या आठवल्या. गाडीवानांच्या प्रत्येक चिठ्ठीवर 'उतरले: तीन नंबर' असं लिहिलेलं असायचं, आणि त्यानं डोळे मिटून विभागाच्या घरात तीन घातला होता. आधीची तीन वर्षं चिठ्ठीवरचाच आकडा घालणं बरोबरही होतं, कारण तेव्हा ज्याची पेंड त्याच्याकडंच उतरत असे. नंतर छपरं गळली, वहिवाट बदलली, पण हे सांगायला टेबलापाशी कोण येणार? आणि टेबल सोडून बघायला जाणं म्हणजे रामहरीला कमीपणा वाटायचा. खातं बरोबर, रक्कम बरोबर, वह्यांचा मेळ पैपर्यंत बरोबर. म्हणून तर वर्षभर ना बापूसाहेबांना संशय आला, ना तपासनिसांना.

दुपारी तो तीन नंबरला चालत गेला. चार वर्षांत पहिल्यांदाच! गोदामाच्या भिंतीवर चुन्याच्या टिंबांच्या चार ओळी होत्या.

"ही काय रांगोळी?"

"रांगोळी न्हाय, आमचा हिशेब हाय," प्रयागबाई म्हणाली. "भरलेल्या पोत्यामागं एक टिंब. एक नंबर, दोन नंबर, चार नंबर. ही आमची सोताची. मला लिवता येत न्हाय, पर भरणावळीत कुणी बुडवाया नगं." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "रामहरीभाऊ, आमी महाग पडतो म्हनं. खरं हाय का वो? आमी कंदी कामात कुचराई केली न्हाय."

त्याला तिच्या तोंडाकडं बघवेना. लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. टिंबं मोजून त्यानं कागदावर उतरवून घेतली आणि मजुरीच्या मस्टराशी ताडली. एका पोत्याचाही फरक नव्हता.

सोमवारी मोठ्या साहेबांच्या टेबलावर त्यानं पेंडीची तेरा बिलं ठेवली. बापूसाहेब बाजूला उभे होते.

"साहेब, खात्याचा आकडा बरोबर आहे. विभागाचा चुकलाय. पेंड तीन नंबरला उतरली, पण वापरली चौघांनी. समसमान."

"आकडा कोणी घातला?"

खोलीत पंख्याचा दोर ओढणाऱ्या शिपायानंही हात थांबवला. गाडीवानाच्या चिठ्ठीवर बोट ठेवणं सोपं होतं. रामहरीनं ते ठेवलं नाही.

"मी घातला. तेराही बिलांवर. न बघता."

बापूसाहेबांनी दुरुस्तीची चिठ्ठी वाचली. खतखातं तसंच ठेवून तीन नंबरच्या नावावरून पाऊण रक्कम काढलेली होती आणि एक, दोन, चार नंबरांच्या नावावर सारखी चढवलेली होती. "एकूण खर्चात पैचाही फरक नाही," ते सावकाश म्हणाले, "पण तक्ता उलटा झाला. तीन नंबर साडेअकरा, बाकीचे साडेबारा." साहेबांनी मस्टर मागवलं, टिंबांचा कागद शेजारी धरला, बराच वेळ बघितला आणि जमीन परत देण्याचा कागद टराटरा फाडला.

"तुमच्या नेमणुकीचा कागद सहा महिने थांबेल," ते रामहरीला म्हणाले.

"थांबू द्या, साहेब."

बाहेर आल्यावर बापूसाहेब पुटपुटले, "ती बिलं स्वच्छ करून घे. खरवडून नीट आकडे घाल."

"नको. एक रेघ मारतो, खाली माझी सही करतो. चुकलेला आकडा वाचता यायला हवा." आणि गंमत म्हणजे, आजवरच्या खाडाखोड नसलेल्या हजारो बिलांपेक्षा त्याला त्या तेरा बिलांचाच जास्त अभिमान वाटत होता. संध्याकाळपर्यंत त्यानं शिक्क्याला तिसरं घर जोडायची मागणीही लिहिली: 'वापर कोठे'.

मग तो पुन्हा तीन नंबरला गेला. बायका पोती भरत होत्या. त्याला बघून प्रयागबाईनं पाटी खाली ठेवली. चांगलं ऐकायची तयारी तिच्या चेहऱ्यावर नव्हती.

"आक्का, तीन नंबर चालू राहणार. चूक माझी होती. पेंडीचा सगळा खर्च मी तुमच्या माथी मारला होता."

ती म्हणाली, "आमचा टन कितीला पडतो आता?"

"साडेअकरा. चारी सेक्शनांत सगळ्यात स्वस्त."

प्रयागबाई वळली आणि गोदाम दणाणेल अशा आवाजात ओरडली, "आयकलं का गं समद्यांनी? चारी नंबरांत आपुनच स्वस्त!" बायकांनी एकच गिल्ला केला. तिनं कोपऱ्यातली चुन्याची वाटी उचलली, बोट बुडवलं आणि भिंतीवर आपल्या ओळीच्या डोक्यावर, कुठल्याही पोत्याशिवाय, चांगलं रुपयाएवढं टिंब काढलं.