चौघांच्या चहाचं पाकीट

गुणाजी चंद्रावतीला ताई म्हणायचा, आणि ती बिचारी त्याला भाऊच समजून बसली होती. पेणला ती चार बायकांना हाताशी धरून भाजक्या पोह्यांचा चिवडा करायची. रोह्यात गुणाजी तो पाकिटांत भरून दुकानांत पोचवायचा. भागीदारी निम्मी-निम्मी.

पाकीट काढण्याआधी सहा महिने चंद्रावतीने दोन्ही तालुक्यांतली घरं पालथी घातली होती. घरात माणसं किती, चहाबरोबर काय, खाऊ विकत कोण घेतं? कंपनीतल्या पगारदारांना जाहिरातीतलंच पाकीट हवं. कॉलेजच्या पोरांना रोज नवी चव हवी. उरल्या शेतावर नाहीतर मिठागरावर राबणाऱ्या आया. बाजारातून परतताना त्या घरासाठी सुटा खाऊ घ्यायच्या, तोही बहुधा मऊ पडलेला. सगळ्यांना खूश करायला गेलं तर कुणीच आपलं होत नाही, हे ओळखून तिने या आयाच धरल्या. तिखट बेताचं, किंमत दहा रुपये, वजन एकशेवीस ग्रॅम आणि वर ठळक अक्षरांत ‘चौघांचा चहा’. चार भरल्या मुठी निघतात, हे तिने घराघरांत मोजून पाहिलं होतं.

वर्षभर पाकीट धडाक्यात खपलं. मग एका बाजाराला रोह्यात मिठागरावरच्या सीताबाईने तिला अडवलं.

“चौथ्याला पुरत नाय गो आताशा.”

चंद्रावतीने हसत पाकीट फोडलं. तिसरी मूठ कशीबशी भरली. तिने पाकीट उलटलं, तर मागे जुन्या वजनावर बारीक चिकटपट्टी होती: ऐंशी ग्रॅम.

ती तशीच गुणाजीच्या गोदामावर गेली.

“वजन लिवलंय की, ताय! लबाडी कुठाय?” तो शांतपणे म्हणाला. “माल आता कोलाडला हायवेवरच्या हॉटेलांत जातो. गाडीतला माणूस एकटाच खातो, त्याला ऐंशी बस झालं. हॉटेलवाल्यांना कमिशन पन जास्त लागतं.”

“मग त्यांच्यासाठी वेगळं पाकीट काढ! माझ्या बायकांना हे का देतोस? वर अजून ‘चौघांचा’ लिहिलंय!”

“दोन मापं कोन सांभाळनार? आन् त्या बाया वजन वाचत नायत. तूच तर सांगितलंस.”

सांगितलं होतं चंद्रावतीनेच. बायका ग्रॅम बघत नाहीत, घरातली तोंडं बघतात, म्हणून तर वर ‘चौघांचा’ लिहिलं होतं. मेल्याने केसाने गळा कापला, आणि केस तिच्याच डोक्याचा!

ती धावत बाजारात परतली. सीताबाई पाटी उचलून निघतच होती.

“सीताबाई, शपथ घेते, मला ठाऊक नव्हतं.”

सीताबाईने पाटी परत खाली ठेवली. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

“घरात तोंडं किती, तू इचारून गेलीस. माझ्या पोरांच्या मुठी तू मोजल्यास,” ती म्हणाली. “कमी किती करायचं, ते बघाया आली व्हतीस, व्हय गो?”