उभ्या स्क्रीनवरची वाकडी ओळ

माझ्या सासूबाईंना चूक दिसली की गप्प बसवत नसे. औषधाच्या डबीवरचा मजकूरसुद्धा त्या पेन्सिलीने सुधारत. छापखान्याची मुद्रितं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. सून म्हणून आलेल्या प्रोग्रॅमरला, म्हणजे मला, त्या पहिल्या दिवसापासून मुद्रितासारखंच तपासत आल्या होत्या.

छापखान्याने कागदाऐवजी पीडीएफ पाठवायला सुरुवात केली तेव्हा त्या वैतागल्या. आडव्या स्क्रीनवर पान मावेना. अर्धं वाचा, सरकवा, पुन्हा ओळ शोधा. मी कोड वाचायला माझा मॉनिटर उभा ठेवते, तसाच त्यांचाही केला. स्टँडवर वर उचलून फिरवला, सेटिंगमध्ये दिशा उभी केली, अक्षरं बारीक वाटली म्हणून स्केलिंग सव्वाशे टक्क्यांवर नेलं. अख्खं पान समोर आलं. "आत्ता कुठे पुस्तक वाटतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून मिळालेलं ते माझं पहिलं प्रशस्तिपत्रक, आणि मी ते सगळ्या घरात मिरवलं.

पुढे त्यांनी तपासलेल्या एका पुस्तकात ढीगभर चुका निघाल्या. छापखान्याचे मालक आढेवेढे घेत फोनवर म्हणाले की पुढचं पुस्तक शेवटची संधी धरू या. तेही असंच आलं तर तुम्ही विश्रांती घ्या. सासूबाईंनी फोन ठेवला आणि खापर माझ्यावर फोडलं. तू आडव्याचं उभं केलंस, तेव्हापासून अक्षरं फुटतात, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खुर्ची ओढून बसले, कारण अक्षरं खरंच थोडी फुटत होती. काळ्या अक्षरांच्या कडांना लालसर-निळसर झाक होती. पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी असतात, आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत करताना संगणक तेच गृहीत धरतो. मॉनिटर उभा केला की पट्ट्या एकीखाली एक येतात, संगणकाला मात्र त्याचा पत्ता नसतो. मी ते रंगीत गुळगुळीतपण बंद करून नुसत्या करड्या छटांवर आणलं. पीडीएफच्या प्रोग्रॅमची सेटिंग वेगळी असते, तीही बदलली. रिझोल्यूशन पडद्याचं मूळचंच आहे ना, ते पाहिलं. लॉगआउट करून पुन्हा आत आले. अक्षरं लख्ख झाली, कोरल्यासारखी.

"अजून तसंच आहे," सासूबाई म्हणाल्या.

मी स्केलिंग दीडशे केलं. तसंच. माझा स्वतःचा भारी मॉनिटर आणून उभा लावला. तसंच. दोन-तीन आठवडे मी ऑफिसचं काम आटोपलं की त्यांच्या टेबलाशी बसत होते, आणि त्या दर वेळी नवी तक्रार काढत होत्या. सासू ती सासूच, असं मी मनात म्हणून घेतलं. मग एका दुपारी त्या सहज बोलून गेल्या की पानाच्या मधोमध ओळ वाकते.

मी माउस सोडला. धूसर दिसण्याला हजार सेटिंग कारण असतील. पण ओळ वाकवणारी सेटिंग कुठल्याच मॉनिटरमध्ये नसते. मी कपाटातून जुनं छापील पुस्तक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उघडलंही नाही. "कागदावरही वाकते गं. मी कधीच पाहिलंय."

"मग मला का सांगितलं नाहीत, आई?"

"तू सेटिंग बदलत होतीस तोवर दोष मशीनचा होता," त्या म्हणाल्या. "मला तेवढं हवं होतं."

मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही डोळे तपासले. पडद्यामागे, म्हणजे डोळ्याच्या पडद्यामागे, रक्तवाहिन्या झिरपत होत्या. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली इंजेक्शनं देऊन जपू, असं ते म्हणाले. घरी आल्यावर सासूबाईंनी पहिलं काय सांगितलं, तर मॉनिटर आडवा कर, तुझा तू घेऊन जा.

मी केला नाही. शेवटच्या संधीचं पुस्तक अजून बाकी होतं. पूर्वी छापखान्यात एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचे आणि दुसरा मुद्रित तपासे, हे त्यांनीच मला सांगितलेलं. मी उभ्या पानावर पीडीएफ उघडली आणि वाचायला लागले, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं उच्चारत. त्यांनी नुसत्या कानांनी दुसऱ्याच परिच्छेदात चूक पकडली, आणि माझ्या वाचण्यातल्या दोन पकडल्या त्या वेगळ्याच.

सवयीने त्यांचं बोट पडद्यावर ओळीओळीने खाली सरकत होतं. मी चौथी ओळ वाचत होते. बोट सातवीवर होतं. मी सांगितलं नाही, वाचत राहिले. पान संपायच्या आधीच बोट पडद्याच्या खालच्या कडेशी पोचलं, आणि तिथे माझी वाट पाहत थांबलं.